चौथं पुस्तक नको, कोरा कागद घे

ताई, नमस्कार. मी मूळचा बार्शी तालुक्यातला. दोन वर्षं सोलापुरात खोली करून राहतोय आणि अभ्यासिकेत बसून एमपीएससीच्या संयुक्त गट-ब पूर्वची तयारी करतोय. रोज दहा तास तरी वाचन होतं. राज्यव्यवस्थेची तीन पुस्तकं झाली, इतिहासाची दोन झाली, टेलिग्रामवरच्या पीडीएफ वेगळ्याच. पण पेपर समोर आला की 'हे कुठंतरी वाचलंय' एवढंच आठवतं, नेमकं उत्तर येत नाही. दोनदा थोडक्यात गेलं. मित्र म्हणतो, तुझा सोर्सच चुकलाय. म्हणून राज्यव्यवस्थेचं चौथं पुस्तक कालच नवी पेठेतून आणलं. ते पूर्ण करू, की आधीचीच परत वाचून काढू? वडील फोनवर विचारतात, किती राहिलं? काय सांगावं कळत नाही.
– तुमचा एक वाचक, सोलापूर

अरे, पावती ठेवली असशील तर ते पुस्तक दुकानदार परत घेतोय का बघ. हायलायटर फिरवला असशील तर मात्र विषय संपला. आणि आधीचीच परत वाचून काढण्यालाही मी नाहीच म्हणणार आहे. मग करायचं काय, हे नुसतं नियम सांगून पटणार नाही. म्हणून एका मुलीची हकिकत सांगते. तिचं नाव वेगळं आहे, आपण तिला रेणुका म्हणू.

रेणुका कुंभारीच्या विडी घरकुलात राहायची. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. बी.ए. झाल्यावर ती शहरातल्या एका अभ्यासिकेत यायला लागली. मी तिथं शनिवारी मुलांचे सराव पेपर बघायला जात असे. सकाळी सगळ्यांच्या आधी येणारी आणि रात्री शेवटच्या शेअर रिक्षाच्या हिशोबाने उठणारी ही मुलगी. पुस्तकांना कव्हरं, आत तीन रंगांच्या रेघा. पिवळी पहिल्या वाचनाची, हिरवी दुसऱ्या, गुलाबी तिसऱ्या. काही पानं अशी रंगली होती की कोरी ओळच उरली नव्हती, म्हणजे महत्त्वाचं काय ते पुन्हा कळेनासंच झालं होतं. कोणी नव्या पुस्तकाचं नाव काढलं की आठवडाभरात ते तिच्या टेबलावर यायचं.

एका शनिवारी तिचा पेपर माझ्याकडे आला. शंभर प्रश्न, एक तास, चार चुकांमागे एक गुण वजा. ५२ बरोबर, ३६ चूक, १२ सोडलेले. ५२ मधून ९ गेले, उरले ४३. ती म्हणाली, "मॅडम, इतिहासाला अजून एक पुस्तक करावं लागणार." मी म्हटलं, आधी बस, हे गेलेले ४८ प्रश्न कुठं गेले ते बघू.

एका कागदावर चार रकाने आखले. पहिल्यात जे कधी वाचलंच नव्हतं ते प्रश्न. दुसऱ्यात वाचलं होतं, पण आठवलं नाही किंवा दोन पर्यायांत गोंधळ झाला ते. तिसऱ्यात गणित-बुद्धिमत्तेतले न सुटलेले. चौथ्यात 'अयोग्य पर्याय निवडा' मधला 'अ' नजरेतून सुटला, त्या जातीचे. प्रत्येक प्रश्न कुठल्या रकान्यात घालायचा हे तिनेच ठरवायचं, पण 'वाचलं नव्हतं' म्हटलं की मी तिचंच पुस्तक उघडून बघणार. तीनदा असं झालं की तिने छातीठोकपणे 'हे वाचलंच नाही' म्हटलं आणि पुस्तकात त्याच ओळीवर पिवळी-हिरवी-गुलाबी अशी तिन्ही रंगांची रेघ निघाली.

शेवटी आकडे असे आले: न वाचलेले ९, वाचूनही न आलेले २९, गणिताचे ६, घाईतले ४. म्हणजे जगातलं सगळ्यात चांगलं नवं पुस्तक आणलं असतं, तरी ते फार तर त्या नवांच्या कामाचं होतं. त्या २९ प्रश्नांची उत्तरं तिच्या टेबलावर आधीपासूनच पडलेली होती.

त्या २९ मध्ये एक प्रश्न सोलापूरचा होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी कुठं दिली? हिने पर्याय निवडला सोलापूर. १९३० सालचा मार्शल लॉ सोलापुरातला, चौघे सोलापूरचे, पुतळे सोलापुरात, मग फाशीही इथंच असं तिच्या मनाने परस्पर जुळवून टाकलं. खरं म्हणजे १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिली. ती रोज त्या चार पुतळ्यांसमोरून जायची. पुस्तकातलं ते पान तर तिला डोळे मिटून दिसायचं. डाव्या बाजूला, वरून दुसरा परिच्छेद, हिरवी रेघ. पानावरची जागा आठवत होती, त्या जागेवर काय लिहिलंय ते नाही.

तुझ्या 'कुठंतरी वाचलंय'ची गोम इथंच आहे. तीच ओळ दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा वाचताना डोळे भराभर सरकतात, काही अडत नाही, आणि मनाला वाटतं की हे झालंय. पण तेव्हा उत्तर समोरच छापलेलं असतं. ते डोक्यातून शोधून काढायचं काम तुझ्याकडून एकदाही होत नाही, आणि परीक्षा नेमकं तेच काम मागते. चार पर्याय दिलेले असतात म्हणून ओळखीवर भागेल असं वाटतं. भागत नाही, कारण पेपर काढणारा चारही पर्याय तुझ्या ओळखीचेच देतो.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी यावर एक प्रयोग केला, तो २००६ साली छापून आला. विद्यार्थ्यांना एक लहानसा उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचतच राहायचं. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचायचा आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवेल तेवढं लिहून काढायचं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८३ टक्के मजकूर आला, लिहिणाऱ्यांना ७१. पण आठवड्याने पुन्हा तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि लिहिणाऱ्यांकडे ६१. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. आठवडाभराने आपल्याला किती आठवेल याचा अंदाज आधी विचारला होता, तेव्हा जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता. रात्री अभ्यासिकेतून उठताना 'आज भरपूर झालं' असं वाटतं ना, त्या वाटण्यावर म्हणूनच जाऊ नकोस.

आता रेणुकाने काय केलं ते सांगते. एकच प्रकरण घेते, म्हणजे नीट कळेल. पंचायत राजच्या समित्या. प्रश्न यावर हमखास येतात आणि मुलं यात हमखास अडकतात.

मी तिला पुस्तक दप्तरात घालायला लावलं आणि एक कोरा कागद दिला. दहा मिनिटांत या समित्यांबद्दल आठवेल ते सगळं लिही म्हटलं. तिसऱ्या मिनिटाला ती थांबली. "मॅडम, एकदा नजर टाकून घेऊ?" नाही. पुढची सात मिनिटं तिने पेन चावण्यात घालवली असं बघणाऱ्याला वाटलं असतं, पण खरा अभ्यास त्या सात मिनिटांतच चालला होता. कागदावर आलं ते असं: बलवंतराय मेहता १९५७, त्रिस्तरीय. हे बरोबर. अशोक मेहता १९७७, त्रिस्तरीय. साल बरोबर, पण त्यांनी द्विस्तरीय रचना सुचवली होती, जिल्हा परिषद आणि मंडल पंचायत. पंचायतींना घटनात्मक दर्जा द्या हे सुचवणारं नाव तिने जी. व्ही. के. राव लिहिलं, ती शिफारस होती १९८६ च्या सिंघवी समितीची. महाराष्ट्रातली वसंतराव नाईक समिती तिने १९७० ला नेऊन ठेवली. ती १९६० ची. १९७० ची बोंगीरवार समिती. बाबुराव काळे आणि पी. बी. पाटील ही दोन नावं कागदावर आलीच नाहीत.

हे प्रकरण तिने तीन पुस्तकांतून वाचलेलं होतं, हे लक्षात घे.

मग पुस्तक बाहेर काढलं आणि लाल पेनाने फक्त चुका आणि गाळलेलं तेवढं त्याच कागदावर भरलं. संपूर्ण प्रकरण पुन्हा वाचायचं नाही. जे आलं त्यावर वेळ घालवायचा नाही. लाल झालेल्या जागांचेच प्रश्न करून वहीत लिहायचे, पानाच्या डाव्या अंगाला प्रश्न, उजव्या अंगाला उत्तर, मधोमध घडी. घडी मिटली की उत्तर झाकलं जातं. एवढंच साधन. मोबाइलवर कार्डांची ॲप मिळतात, ती ज्याला झेपतात त्याने वापरावीत, पण एकदा मोबाइल हातात आला की तो कार्डांवरच थांबतो असं मी तरी पाहिलेलं नाही.

प्रश्न कसा करायचा यात रेणुका पहिले पंधरा दिवस चुकत होती. तिने लिहिलं होतं, 'पंचायत राज समित्यांची माहिती सांगा.' याचं उत्तर दीड पान. ते पुरतं आलं की अर्धं, हे तिचं तिलाच कळायचं नाही, आणि मग 'येतंय की' म्हणून ती पुढे जायची. हाच प्रश्न तोडला की असा होतो: द्विस्तरीय रचना कोणी सुचवली? घटनात्मक दर्जा कोणी सुचवला? बोंगीरवार समिती कोणत्या साली नेमली? महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कधीपासून सुरू झाल्या? (कायदा १९६१ चा, अंमल १ मे १९६२ पासून. दोन्ही पर्यायांत देतात, म्हणून दोन्ही विचारायचे.) उत्तर एका नावाचं किंवा एका आकड्याचं असलं की आलं का नाही यावर वादच उरत नाही.

दुसरी चूक जास्त गोड होती. तिने वही सुंदर करायला घेतली. शीर्षकं निळ्या शाईत, खाली दुहेरी रेघ, पुस्तकातली वाक्यंच्या वाक्यं उतरवलेली. मी बघितलं तेव्हा चाळीस पानं झाली होती आणि एकाही पानाची घडी मोडल्याची खूण नव्हती. वही लिहिण्यात दिवस जात होते, ती विचारायची राहून जात होती. तुझ्या अभ्यासिकेतही अशा वह्या असतील, मुलं एकमेकांच्या झेरॉक्स काढून नेतात. दुसऱ्याची वही म्हणजे आणखी एक पुस्तकच, रे. प्रश्न आपल्या चुकीतून निघालेला असला तरच त्याला अर्थ.

आणि घडी उघडायची घाई. प्रश्न वाचला, दोन सेकंद झाली, लगेच उजवी बाजू बघितली आणि 'हां, हेच म्हणणार होते.' हे थांबवायला मी तिला उत्तर आधी कच्च्या कागदावर खरडायला लावलं. अक्षर कसंही असो, पण लिहिल्याशिवाय घडी उघडायची नाही. 'जिभेवर आहे' म्हणजे आलं नाही असंच धरायचं.

पुन्हा कधी विचारायचं, यावर मुलं फार डोकं चालवतात, कोष्टकं करतात, मोबाइलवर गजर लावतात. रेणुकाचा हिशोब साधा होता. प्रश्न लिहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी एकदा. आला तर तीन-चार दिवसांनी. तेव्हाही आला तर आठवड्यावर, मग तीन आठवड्यांवर. दर वेळी बरोबर आला की प्रश्नापुढे पेन्सिलीने एक टिंब. चुकला की टिंबं खोडून पुन्हा उद्यापासून सुरुवात. महिनाभरात पानाकडे बघूनच कळायला लागलं की कुठले प्रश्न चार टिंबांचे झालेत आणि कुठले पहिल्याच टिंबावर रेंगाळतायत.

मधलं अंतर लांबवायचं कारण असं की थोडं विसरायला लागल्यावर आठवायचा प्रयत्न केला, तर उत्तर पक्कं बसतं. सकाळी वाचलेलं दुपारी विचारलं तर सगळंच येतं आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही. परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन उजळण्यांत एखाद्या दिवसाचं अंतर पुरतं. वर्षभर लांब असेल तर ते तीन-चार आठवड्यांपर्यंत नेलेलं चांगलं, असं या विषयातल्या प्रयोगांत दिसलं आहे. तारीख एखाददुसऱ्या दिवसाने हुकली तर आकाश कोसळत नाही. गड्ड्याच्या यात्रेत रेणुकाचे चार दिवस असेच गेले, काही बिघडलं नाही.

जोड्यांचं मात्र तिने वेगळं केलं, आणि ती कल्पना तिचीच. वहीच्या मागच्या बाजूने तिने फक्त एकमेकांत मिसळणाऱ्या गोष्टी लिहायला सुरुवात केली. ७३ वी घटनादुरुस्ती, पंचायती, अकरावी अनुसूची, २९ विषय, अंमल २४ एप्रिल १९९३. शेजारीच ७४ वी, नगरपालिका, बारावी अनुसूची, १८ विषय, अंमल १ जून १९९३. यातलं एकेक सुटं विचारलं तर मुलांना येतं. पेपरात ते एकत्र येतात आणि २९ शहरांना जाऊन चिकटतात. म्हणून ती विचारतानाच जोडीने विचारायची: १८ कुणाचे, २९ कुणाचे? अशोक मेहता आणि बलवंतराय मेहता यांनाही तिने तिथंच एकमेकांशेजारी बसवलं.

आणखी एक बारीक गोष्ट. वहीतले प्रश्न ओळीने विचारत गेलं की पाठ क्रम होतो, उत्तर नाही. नाईकनंतर बोंगीरवार, मग काळे, मग पाटील असं गाणं म्हटल्यासारखं येतं आणि मधूनच काळे विचारलं की पोरगं पहिल्यापासून म्हणायला लागतं. तासात शंभर प्रश्न सोडवायचे तर दर प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात, त्यात गाणं म्हणायला वेळ नाही. ती पानं उलटसुलट उघडायची, एक राज्यव्यवस्थेचं, एक भूगोलाचं, एक इतिहासाचं.

हे सगळं सुरू केल्यावर लगेच मार्क वाढले असं सांगितलं तर तू आनंदाने पत्र मिटवशील, पण तसं झालं नाही. पुढच्या सराव पेपरात ४३ चे ४५ झाले. रेणुका रडकुंडीला आली होती. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण रोज साठ पानं करते आणि मी सकाळपासून तेच तेच समित्यांचं दळण दळतेय, असं तिचं म्हणणं. कागद कोरा दिसतो, चुका लाल होतात, दिवसाअखेरी 'इतकी पानं झाली' असं सांगायला काही नसतं. पानं मोजायची सवय लागलेल्याला हे फार जड जातं. याच टप्प्यावर बहुतेक मुलं वही टाकून नव्या पुस्तकाकडे पळतात.

तिला थांबवलं ते मी नाही, तिच्या आईने. ती कारखान्यात विड्या द्यायला जायची तेव्हा तिथं वळलेल्या विड्यांतून खराब बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात. रेणुकाने घरी चार रकान्यांचा कागद दाखवला, तर आई म्हणाली, "म्हणजे ही तुझी छाट. मग वळायच्या वाढवून काय उपयोग? छाट का निघतेय ते बघ." त्यानंतर रेणुका पेपर झाला की मार्क सांगायच्या आधी छाट किती ते सांगायची.

दोन-अडीच महिन्यांनी तिचा जो पेपर झाला त्यात ६१ बरोबर, २४ चूक, १५ सोडलेले. ६१ मधून ६ वजा, म्हणजे ५५. पुन्हा रकाने आखले. गेलेल्या ३९ पैकी वाचूनही न आलेले होते फक्त ९. न वाचलेले १४. गणिताचे १०, घाईतले ६. बघ, आता पहिला रकाना दुसऱ्यापेक्षा मोठा झाला. आता नवं वाचायची वेळ आली होती, आणि ते काय वाचायचं हेही कागदच सांगत होता. त्या चौदातले निम्मे महाराष्ट्राच्या भूगोलातल्या मृदा आणि खनिजांवरचे होते. तिने त्याच पुस्तकातली तेवढी दोन प्रकरणं वाचली आणि त्यांचे प्रश्न वहीत गेले. मी नवं वाचूच नको असं म्हणत नाही. पहिला रकाना मोठा झाल्याशिवाय नको, एवढंच म्हणतेय.

घाईतले चाराचे सहा झाले होते, तेही दिसलं असेल तुला. उत्तरं येतायत म्हटल्यावर ती प्रश्न पुरता न वाचता गोळा भरायला लागली होती. त्यावर वही चालत नाही. 'अयोग्य', 'नाही', 'वगळता' हे शब्द प्रश्नपत्रिकेवर पेनाने गोल करायची सवय लावली, तेव्हा ते कमी झाले.

वही आणखी कुठं चालत नाही तेही सांगते. गणित आणि बुद्धिमत्ता आठवून येत नाही. तिथं उजळणी म्हणजे जुनं चुकलेलं गणित सोडवलेलं न बघता पुन्हा सोडवणं. काळ-काम-वेगाचं गणित नुसतं वाचून 'कळलं' म्हणणं आणि इतिहासाचं पान चौथ्यांदा वाचणं एकाच जातीचं. चालू घडामोडी तर रोज नव्याच असणार, त्या वाचाव्याच लागतील, पण महिन्याचं एकच मासिक धर आणि त्याचेही प्रश्न कर. आणि जे मुळात समजलेलंच नाही, ते घोकून काही होत नाही. रेणुकाला रेपो दर वाढला की कर्ज महाग का होतं हे कळलेलं नव्हतं. वहीत तिचा प्रश्न होता, 'रेपो दर वाढला तर काय?' उत्तर 'कर्ज महाग', आणि पुढे चार टिंबं. पेपरात फिरवून विचारलं, महागाई आटोक्यात आणायला रिझर्व्ह बँक रेपो दराचं काय करेल? हिने 'कमी करेल' निवडलं. बँका रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने कर्ज घेतात तो वाढला की त्याही पुढे कर्ज महाग देतात, लोक कमी उचलतात, बाजारातला पैसा आटतो आणि भाव थंडावतात, हे एकदा शांतपणे समजून घेतल्यावर तो प्रश्न वहीत ठेवायची गरजच उरली नाही. चार टिंबांचा प्रश्न फिरवून विचारल्यावर चुकला, तर तो विसरण्यामुळे नाही, न समजण्यामुळे चुकलाय असं धर आणि त्या विषयापुरतं पुस्तक बिनदिक्कत उघड.

तिचा दिवस पुढे असा बसला: सकाळी आल्या आल्या दोन तास वही, डोकं ताजं असताना. मग गणित. दुपारी सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली बसून कोणाचंच डोकं चालत नाही, तेव्हा वर्तमानपत्र आणि मासिक. नवं प्रकरण असलंच तर संध्याकाळी, आणि ते संपल्यावर पुस्तक मिटून दहा मिनिटं कोरा कागद. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे नवं पूर्ण बंद. त्या वेळी तिची सगळी वही चार दिवसांत फिरत होती, कारण चार टिंबांच्या प्रश्नांना पाच-सहा सेकंदच लागतात.

पूर्व ती पास झाली. मुख्य परीक्षेत पहिल्या वेळी राहिली. तो वेगळा विषय आहे.

आता तुझं. तीन पुस्तकांपैकी एक निवड, जे तुला जास्त तोंडपाठ वाटतं ते, सगळ्यात जाड ते नव्हे. बाकीच्या दोनांतलं काही खरंच जास्तीचं असेल तर ते या पुस्तकाच्या समासात लिही आणि ती दोन्ही कुणाला तरी देऊन टाक. टेबलावर राहिली तर हात जातोच. टेलिग्रामचे ग्रुप मी सोड म्हटलं तरी तू लगेच सोडणार नाहीस, म्हणून निदान असं कर: पीडीएफ उतरवायची असेल तर आधी त्या विषयाचा कोरा कागद भर. बहुतेक वेळा कागद भरून होईपर्यंत पीडीएफची हौस गेलेली असते.

वडिलांना 'किती राहिलं'चं उत्तर पानांत देऊ नकोस. वाचूनही न येणारे प्रश्न गेल्या पेपरात इतके होते, या पेपरात इतके झाले, असं सांग. शेतीचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाला हे पटकन कळतं.

येत्या रविवारी आयोगाच्या मागच्या वर्षांतली एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. नवी टेस्ट सिरीज विकत घ्यायची गरज नाही, जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. मग चार रकाने आख, आणि 'वाचलं नव्हतं' म्हणण्याआधी पुस्तक उघडून खात्री कर. पुढच्या पत्रात कोणतं पुस्तक झालं ते लिहू नकोस, ते चार आकडे लिहून पाठव. दुसरा आकडा पंधराच्या वर असेल तर वही सुरू कर. खाली असेल तर तुझी अडचण मी समजतेय ती नाही, मग आपण पुन्हा बोलू.

– ताई